भाडं देणारी भाची

माझे सख्खे मामा दोन. दोघंही सांगलीत असतात आणि दिवाळीला एखादा फोन झाला की आमचं नातं वर्षभर टिकतं. तरीही जयपूरला मानसरोवरमध्ये मी जवळजवळ वर्षभर कुणाची तरी भाची म्हणून राहिले, आणि तीही भाडं भरून. पुढे ज्या काही भानगडी झाल्या त्या सगळ्या या एका वाक्यात आल्या, पण मला नीट सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

नोकरीसाठी जयपूरला आले तेव्हा मी जवाहर नगरमध्ये एका पीजीत राहत होते. तिथल्या आंटी स्वयंपाकघराला कुलूप लावायच्या. रात्री चहा प्यायचा झाला तर त्यांना उठवावं लागे, आणि उठवल्यावर त्या अशा बघायच्या की चहाची इच्छाच मरून जाई. मी तशी तापट. एकदा त्यांना म्हटलं, तुमची साखर मी सांगलीला पाठवत नाही. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं आणि मी घर शोधू लागले.

त्याच सुमाराला मराठी मंडळाच्या फराळाला काका-काकू भेटले. काका विमा कंपनीत अधिकारी, मूळचे नागपूरचे. दिवसभर ते लोकांना जोखीम म्हणजे काय ते समजावून सांगत. काकू ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की खरं बोलणाऱ्या. काकांच्या नोकरीत त्यांनी इतक्या गावांतली इतकी घरं लावली आणि मोडली होती, की कुठल्या घराची खिडकी कुठल्या दिशेला होती हे सांगताना त्यांचा गोंधळ होई. मानसरोवरचं भाड्याचं घर मात्र त्यांचं झालं होतं. घरमालक खाली राहायचे आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट यांच्याकडे होता. तिथे मालकांच्या परवानगीनं काकूंनी स्वयंपाकाचा ओटा तोडून स्वतःच्या उंचीचा बांधून घेतला होता. 'आयुष्यात पहिल्यांदा पोळ्या लाटताना खांदे दुखले नाहीत,' असं त्या मला म्हणाल्या होत्या. काका निवृत्त झाले तरी इथून हलायचं नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि नेमकी काकांची वर्षभरासाठी बिकानेरला बदली झाली. तिथे कंपनीची राहायची सोय होती. इथलं घर बंद ठेवून भाडं भरत राहणं काकांच्या जिवावर आलं, आणि घर सोडलं तर ते परत मिळेल याची खात्री नव्हती. काकूंनी तर जेवण सोडायचंच बाकी ठेवलं होतं.

"तू राहा ना आमच्या घरी," काका मला म्हणाले. "भाडं मला देत जा, मी मालकाला देत जाईन. वर्षानं आम्ही आलो की तू तुझ्या वाटेनं. कोणाचं काय जाऊन राहिलं?"

"मालकांना विचारलंय का?" मी म्हटलं.

"विचारलं तर नाही म्हणतील ना बाप्पा! नाही विचारलं तर नाही कसे म्हणतील?"

काकू तेव्हाही म्हणाल्या, "अहो, विचारा. चांगले आहेत ते." पण काकांनी त्यावर एक युक्ती काढली होती आणि स्वतःच्या युक्तीवर ते भलते खूश होते. मालकांना सांगायचं, ही आमच्या घरातलीच मुलगी आहे, घर सांभाळायला राहते आहे. नातं कुठलं सांगायचं यावरही त्यांचा अभ्यास झालेला. पुतणी सांगितली तर आडनाव एक हवं, आणि माझ्या पार्सलांवर तर भलतंच आडनाव येणार. भाचीचं आडनाव वेगळंच असतं. म्हणून मी भाची. त्या दिवसापासून काकांना मामा आणि काकूंना मामी म्हणायची सवय करायची होती.

मला घर हवं होतं, त्या आंटींचं कुलूप डोळ्यांसमोर होतं, आणि बुडालं तर काकांचं बुडेल, आपली एक बॅग उचलून आपण मोकळ्या, असा माझा हिशेब होता. मी हो म्हटलं.

मालकांना सगळी गल्ली बाऊजी म्हणायची. रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, पांढऱ्या मिशा आणि पांढरा कुडता. बरोबर वकील मुलगा राहायचा. काकांनी मला खाली नेऊन ओळख करून दिली. "मेरी भानजी है बाऊजी. एक ही बहन की एक ही लड़की." ती एक ही बहन काकांनी जागच्या जागी जन्माला घातली होती. मी संस्कारी मुलीसारखी वाकून नमस्कार करायला गेले, तर बाऊजी विजेचा झटका बसल्यासारखे मागे सरकले.

"अरे राम राम! भाणजी से पाँव छुआएँगे? नरक में भेजेगी क्या, बेटा?"

आणि मला काही कळायच्या आत तो सत्तरीच्या पुढचा माणूस माझ्याच पायांशी वाकला. मी ओरडून जिन्याच्या दोन पायऱ्या मागे चढले. मग कळलं की त्यांच्याकडे भाचीच्या पाया पडतात, भाचीला द्यायचं असतं आणि भाचीकडून काहीही घ्यायचं नसतं. ती मामाची भाची असली तरी मामा ज्यांच्या घरात राहतो त्यांचीही भाचीच. काका गालातल्या गालात हसत होते, युक्ती अपेक्षेपेक्षा जास्तच लागू पडली होती. वकील मुलानं मात्र विचारलं, हिचं पोलीस व्हेरिफिकेशन करायचं ना? काका म्हणाले, छे हो, घरची मुलगी आहे, पाहुणी. बाऊजींनी मुलाला डोळ्यांनी दटावलं. भाचीची कसली पोलिसात नोंद!

काका-काकू बिकानेरला गेले आणि माझे लाड सुरू झाले. सकाळी दाराला डबा लटकलेला असायचा, कधी कचोरी, कधी गट्ट्याची भाजी. श्रावणात तीजेच्या सणाला घेवर ही जाळीदार मिठाई आली आणि तिच्याबरोबर लहरियाची, लाटांसारख्या रेघांची ओढणी, गुलाबी-पिवळी. माझ्या सख्ख्या मामांनी मला शेवटचं काय दिलं होतं ते आठवायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. मी बाऊजींना चहाला वर बोलावलं तर ते आनंदानं आले, गप्पा मारल्या, पण चहाच्या कपाला हात लावला नाही. भाचीच्या घरचं काही घ्यायचं नाही. मी पाणी पुढे केलं, तेही नको. शेवटी मी चिडून म्हटलं, "बाऊजी, ये घर तो आपका है, पानी भी आपका." ते खूप वेळ हसले आणि पाणी प्यायले.

आणि हेच मला बोचायला लागलं. पीजीच्या आंटींना फसवताना मला काडीचंही वाईट वाटलं नसतं. पण हा माणूस माझ्या हातचा चहा पाप लागेल म्हणून सोडत होता, आणि मी त्याच्या घरात त्याला न विचारता भाडं भरून बसले होते. मी काकांना फोनवर म्हटलं, आता तरी सांगून टाका. काका म्हणाले, "अगं, सगळं मस्त चालून राहिलं ना? मग कशाला?" फोन काकूंनी घेतला. "ओट्यावर उभं राहून पाठ दुखते का गं तुझी? तू उंच आहेस ना," एवढंच विचारलं, पण आवाजात काळजी होती. ती माझ्या पाठीपेक्षा घराची होती हे मला समजत होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा माझ्या वेंधळेपणानं सगळं उघडं पाडलं. सकाळी नळाला पाणी नव्हतं. मी न्हाणीघराचा नळ उघडून पाहिला आणि तसाच ठेवून ऑफिसला गेले. दुपारी पाणी आलं. पाणी वाहून जायच्या जाळीवर माझा टॉवेल पडलेला, त्यामुळे पाणी घरात पसरलं आणि खाली बाऊजींच्या बैठकीचं छत ओलं झालं. प्लॅस्टरचा एक मोठा पोपडा त्यांच्या सोफ्यावर येऊन पडला. बाऊजी नुकतेच तिथून उठले होते, म्हणून वाचले.

संध्याकाळी मी पोचले तर खाली मिस्त्री आणि वकील मुलगा छताकडे बघत उभे होते. मला रडू आलं. बाऊजी म्हणाले, "रोती क्यूँ है, बेटा? किरायेदार तेरे मामा हैं. ये ख़र्चा उनका बनता है, उनसे ले लेंगे. तू चाय पी."

आणि माझ्यातला न्यायी माणूस नको तेव्हा जागा झाला. चूक माझी आणि भुर्दंड काकांना? मी डोळे पुसत म्हटलं, "नहीं बाऊजी, मामाजी क्यों देंगे? मैं दूँगी. वैसे भी हर महीने किराया मैं ही तो उनको भेजती हूँ."

मिस्त्री छताकडेच बघत राहिला, वकील माझ्याकडे बघायला लागला. बाऊजींनी हातातली कपबशी खाली ठेवली. वकिलाला त्या वाक्यात काय ऐकू आलं ते मला ताबडतोब कळलं. बाऊजींना भलतंच काही ऐकू आलं होतं.

"भाणजी से," ते हळूच म्हणाले, "किराया?"

मी तशीच निघाले. वर जाऊन काकांना फोन केला. झालं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. मग काका म्हणाले, "काऊन बोलली तू?" आणि मागून काकूंचा आवाज आला, "बरं झालं."

पुढच्या रविवारी काका-काकू बिकानेरहून आले. खालच्या बैठकीत आम्ही बसलो, डोक्यावर ते पोपडा निघालेलं छत. वकील मुलानं करार टेबलावर ठेवला आणि शांतपणे, न ओरडता काकांना त्यांची परिस्थिती समजावली. मी तोपर्यंत कुणाला इतक्या सभ्य आवाजात सोलून काढताना पाहिलं नव्हतं.

मालकाच्या लेखी परवानगीशिवाय घर किंवा घराचा कुठलाही भाग दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, हे करारात होतं आणि त्याखाली काकांची सही होती. कायद्यातही घर खाली करायला सांगण्यासाठी हे कारण पुरेसं होतं, भाडं नियमित भरलेलं असलं तरी. रेंट ट्रिब्यूनलमध्ये अर्ज केला की काकांना उत्तर द्यावं लागणार. घरातली मुलगी म्हणावं, तर तुम्ही स्वतः इथे राहत असता आणि ती तुमच्याजवळ असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही किल्ल्याच तिला देऊन गेलात आणि वर दर महिन्याला भाडं घेतलंत. छताची भरपाई तुमच्याकडून, कारण आमचा व्यवहार तुमच्याशी. तिनं उद्या भाडं बुडवलं असतं तरी आम्ही तुमच्याकडेच मागितलं असतं. पोलिसांकडे नोंद तुमची. वर काही कमीजास्त झालं असतं तर पहिला फोन तुम्हाला गेला असता, आणि घरात कोण राहतं ते तुम्ही आमच्यापासून लपवलेलं. मग तो माझ्याकडे वळला. "और आपका तो हमसे कोई एग्रीमेंट ही नहीं. इनका घर गया तो आपका भी गया."

माझा एका बॅगेचा हिशेब तिथल्या तिथे चुकला. पण मला तेव्हा स्वतःची फिकीर नव्हती. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

जन्मभर जोखीम विकलेल्या काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "वकीलसाहब, भानजी तो वो मेरी है ही. अब घर की बच्ची अपनी ख़ुशी से कुछ दे दे, तो उसको किराया थोड़ी बोलते."

यावर वकील बोलायच्या आधी बाऊजी बोलले.

"एक बात बताइए. अगर ये भाणजी है, तो आपने भाणजी का पैसा खाया. ऐसे आदमी को मैं घर में नहीं रख सकता. और अगर भाणजी नहीं है, तो आपने मुझसे झूठ बोलके मेरा घर किराये पर चढ़ाया. ऐसे आदमी को भी नहीं रख सकता. आप ही बोलो, कौन-सा आदमी हो?"

काकांना घाम फुटला. एकीकडे पाप, दुसरीकडे कायदा. आणि त्या माणसानं पळवाट म्हणून सगळ्या महाराष्ट्रालाच पुढे केलं. "बाऊजी, हमारे उधर चलता है. हमारे यहाँ भानजी लोग देते हैं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझे सांगलीचे मामा फोन करत नसतील, पण माझ्याकडून रुपया घेतील? मी तोंड उघडणार एवढ्यात बाऊजींनी काकूंना विचारलं, "बहनजी, आपके यहाँ भाणजी से किराया लेते हैं?"

एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर कदाचित बाऊजींनी परक्या मुलखाची परक्या तऱ्हेची माणसं म्हणून पदरात घेतलंही असतं. काकांनी खोकून, भुवया उडवून, जमेल तेवढं सुचवलं. काकूंनी पदर सोडला.

"नहीं बाऊजी," त्या म्हणाल्या. "हमारे यहाँ भी नहीं लेते. ये हमारी कोई नहीं है. मंडळ में मिली. घर ख़ाली न रहे, हाथ से न जाए, इसलिए रखा. मैंने भी झूठ में साथ दिया. घर का मोह था मुझे."

'ये हमारी कोई नहीं है' हे शंभर टक्के खरं होतं, आणि मला ते लागलं. इतके महिने खोटं बोलून बोलून मला भाची असल्याची सवय झाली होती बहुतेक. बाऊजीही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला होता.

बाऊजींनी टेबलावरचा करार स्वतःकडे ओढून घेतला. मग त्यांनी मुलाला विचारलं, करार कधी संपतो? याच महिन्यात, मुलगा म्हणाला. नवा करायचा नाही म्हटलं की यांना जावंच लागेल.

"इनके नाम का नहीं करना," बाऊजी काकांकडे बोट करून म्हणाले. काकूंनी मान खाली घातली. "बहनजी के नाम का बना."

"पापाजी?" वकील उडालाच.

"मकान मेरा है कि तेरा? किरायेदार बहनजी. साथ में रहेंगे इनके पति. वो भी लिख देना, नहीं तो ये किसी दिन बहनजी को भी किसी की भाणजी बता देंगे. और ये लड़की बहनजी के लौटने तक रहेगी, मेरी लिखित मंज़ूरी से. थाने में सबका नाम जाएगा. छत ये भरेगी जिसने नल खुला छोड़ा." मग माझ्याकडे बघून ते कोरड्या आवाजात म्हणाले, "अब तो भाणजी नहीं है. अब पैसे लूँगा."

मी हो म्हटलं, हसत आणि रडत, दोन्ही एकदम.

काका म्हणायला लागले की कराराला नोकरदार माणसाचं नाव असलेलं बरं, मिसेसना यातलं काय कळणार. वकिलानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि सांगितलं, "सर, आप अभी चुप रहिए." काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी वकिलाला विचारलं, "सही मेरी लगेगी?" तो हो म्हणाला. "सिर्फ़ मेरी?" तो पुन्हा हो म्हणाला.

काका छत बघायच्या निमित्तानं खालीच रेंगाळले. मी आणि काकू जिना चढून वर आलो. मी दार उघडून आत गेले, चपला काढल्या, दिवा लावला आणि मागे वळून पाहिलं तर काकू उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं. "आता तू राहतेस ना इथे."

"काय हे काकू! तुमचंच घर आहे."

त्या आत आल्या. भिंतीला हात लावून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"आता आहे," त्या म्हणाल्या.